शंभराने भागून पेन्सचा प्रश्न सुटत नाही

“लंडनच्या शेअरचा भाव एका डेटा फीडमध्ये पेन्समध्ये येतो, दुसऱ्यात पौंडात, एवढंच ना? दोन भावांचं गुणोत्तर शंभराच्या आसपास दिसलं की प्रोग्रामनेच शंभराने भागावं. विषय संपला.”

गुणोत्तर जरूर काढा, पण त्यावरून आपोआप भागाकार करू नका. शंभर शेअर मिळून एक असं शेअर एकत्रीकरण झालं आणि एका फीडने ते आज घेतलं, दुसऱ्याने उद्या, तरी गुणोत्तर शंभरच येतं. अशा वेळी भागाकार केला तर बरोबर असलेला भाव बिघडेल. फरक ओळखायचा तर त्याच फीडमधली शेअरसंख्या बघा. एकत्रीकरणात भाव शंभरपट होतो आणि शेअरसंख्या शंभरावा हिस्सा उरते, त्यामुळे दोन्हींचा गुणाकार जवळपास तोच राहतो. एकक बदललं असेल तर शेअरसंख्या जागेवर असते आणि गुणाकारच शंभरपट फुगतो.

शंभर हा आकडाही सगळीकडे चालत नाही. कुवेतच्या बाजारात भाव फिल्समध्ये असतो आणि एका दिनारात 1000 फिल्स.

‘लंडन म्हणजे पेन्स’ हेही अर्धंच खरं आहे. कंपन्यांचे बहुतेक शेअर पेन्समध्ये असतात, पण तिथेच कित्येक ईटीएफचे भाव पौंडात किंवा डॉलरमध्ये मिळतात. म्हणून एकक प्रत्येक नोंदीच्या चलन-कोडवरून घ्यावं लागतं, आणि माझ्या मते खरा घात तिथेच होतो. चलन-कोडांच्या ISO 4217 या मानकात पेन्सला वेगळा कोड नाही. कुणी `GBX` लिहितं, कुणी `GBp`. मग कोड एकसारखे दिसावेत म्हणून कुणीतरी ही निरुपद्रवी वाटणारी ओळ घालतं:

```python
ccy = row["currency"].upper()
```

`GBp` चा `GBP` होतो, पेन्सचे पौंड होतात आणि कुठलीही एरर येत नाही. रोजच्या परताव्यावरूनही काही कळत नाही, कारण 250 वरून 255 आणि 2.50 वरून 2.55 ही वाढ दोन्हीकडे 2 टक्केच.

सगळ्यात जास्त निसटते ती एकाच फीडमधली तफावत. भाव 250 पेन्स, पण प्रति शेअर कमाई 0.20 आणि लाभांश 0.10, हे दोन्ही पौंडात. भावाला कमाईने सरळ भागलं तर पी/ई 1250 येतो, खरा आहे 12.5. लाभांशाचा उतारा 4 टक्क्यांऐवजी 0.04 टक्के दिसतो. 1250 पाहून निदान कुणी थबकेल. 0.04 मात्र ‘ही कंपनी लाभांश फारसा देत नाही’ असं समजून सोडून दिलं जातं. इथे दोन फीडचे भाव कितीही ताडून पाहिले तरी उपयोग नाही, कारण भाव दोन्हीकडे पेन्समध्येच आणि जुळणारेच आहेत.

म्हणून एकक प्रत्येक रकान्यासाठी वेगळं नोंदवा आणि मूळ आकडा व मूळ कोड न बदलता जपून ठेवा. गुणोत्तर 100 किंवा 1000 च्या जवळ आलं, तर शेअरसंख्या तपासून होईपर्यंत ती नोंद बाजूला काढून ठेवा.