एका सडेतोड प्रतिक्रियेला उत्तर: नकली नोटा, कागद आणि मुंडकं

प्रतिक्रिया: "ताई, इतिहास म्हणजे पाककृती नव्हे, चवीपुरतं मीठ टाकून भागत नाही. चीनमधल्या व्यापाऱ्यांच्या पावत्यांना नोटा म्हणायचं, तर आपल्या हुंड्यांनी काय घोडं मारलंय? सरकारी नोटा १०२३ च्या की १०२४ च्या, ते आधी एकदा ठरवा. आणि कागद-शाईचं एवढं कौतुक कशाला? नकली नोटा मुंडकं उडवण्याच्या भीतीनेच थांबल्या, बाकी सगळी सजावट. — एक सडेतोड वाचक"

सडेतोडराव,

जुन्या चीनमधल्या कागदी नोटांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया चार वेळा वाचली. पहिल्या वेळी राग आला, दुसऱ्या वेळी हसू. तिसऱ्या वेळी मनात आलं, की हाच लेख कुणा 'सरांनी' लिहिला असता तर तुम्हाला पाककृती आठवली असती का? चौथ्या वेळी लॅपटॉप मिटला आणि भाकरी टाकायला गेले. हो, स्वयंपाकही करते मी. त्याआधी एकतीस वर्षं एका सहकारी बँकेत कॅश काउंटरवर बसून लोकांच्या नोटा मोजल्या आहेत. त्यामुळे नोट म्हणजे काय, हे मला निदान बोटांनी तरी ठाऊक आहे.

सनावळीचं तुमचं बरोबर. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगडू शहरात नोटांची सरकारी कचेरी स्थापन झाली १०२३ मध्ये आणि तिच्या पहिल्या नोटा बाहेर पडल्या १०२४ मध्ये. मी दोन्ही एकाच वाक्यात कोंबलं, म्हणून घोळ झाला. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. हुंडीबद्दल एवढंच, की हुंडीवर देणाऱ्याघेणाऱ्याची नावं असतात. अनोळखी माणसाच्या हातून भाजीवालीच्या हातात आणि तिथून तिसऱ्याच कुणाच्या हातात जाण्यासाठी ती काढलेली नसते. यावर वाद घालायचा असेल तर वेगळा लेख लिहा, मी येऊन वाचेन.

आता तुमचं ते शेवटचं वाक्य. 'मुंडकं उडवण्याच्या भीतीनेच.' यातला 'च' तुम्ही फार सहज लिहून गेलात.

ज्या व्यापाऱ्यांनी सरकारच्याही आधी पहिल्या नोटा काढल्या, त्यांच्या हातात मुंडकं उडवायचा अधिकारच नव्हता. सिचुआनमध्ये तेव्हा लोखंडी नाणी चालत. दहा हजार छोटी नाणी म्हणजे ६५ चिनी शेर, आपल्या मापाने चाळीस किलोच्या वर. रेशमाच्या एका ताग्याला अशी वीस हजार लागत. म्हणजे तागा एका खांद्यावर मावायचा आणि त्याची किंमत वाहायला बैल लागायचा. मग लोक नाणी पेढीवर ठेवू लागले आणि पेढीवाला पावती लिहून देऊ लागला. तिचं नाव 'जियाओझी'. पावती दाखवली की नाणी परत, हजारी तीस नाणी कापून. पण आणतंय कोण परत? पावतीच पुढच्याला देऊन टाकली की काम झालं.

हे मला पुस्तकातून कळायच्या कितीतरी आधी घरात दिसलं आहे. आमचे वडील नाशिक जिल्ह्यातले कांदेवाले. आडत्याची पट्टी हातात पडायची, पैसे मात्र आठ-पंधरा दिवसांनी. गावातला किराणेवाला ती पट्टी ठेवून घ्यायचा आणि सामान द्यायचा. एकदा त्याने तीच पट्टी तशीच पुढे तेलवाल्याला दिली, तेव्हा वडील चिडले होते. आडत्याने उद्या हात वर केले तर भांडण आपल्या दारात येईल, अशी त्यांना धास्ती. चेंगडूत नेमकं तेच झालं. सोळा श्रीमंत घराण्यांनी मिळून एकसारख्या पावत्या काढायला सुरुवात केली. रेशीम आणि धान्य निघायच्या हंगामात जास्तीच्या छापल्या, आणि लोकांनी ठेवलेल्या नाण्यांतून स्वतःसाठी वाडे, जमिनी घेतल्या. लोक दारात जमले तेव्हा पेढ्यांना कुलपं. शेवटी अधिकारी मध्ये पडले, तरी हजाराला सातशे-आठशेच पदरात पडले.

पण त्या पावत्या इतकी वर्षं चालल्या त्या कशाच्या बळावर? त्यांच्यावर घरं, झाडं, माणसं छापलेली असत. प्रत्येक पेढीची सही आणि आपापल्या गुप्त खुणा असत, काळ्या आणि लाल शाईत एकमेकींत मिसळलेल्या. कुठली रेघ मुद्दाम वाकडी आणि कुठली खरोखर चुकलेली, हे पेढीवाल्यालाच माहीत. खोट्या पावत्या तेव्हाही निघाल्या, त्यांच्यावरून खटलेही झाले. पण पावती ओळखायचं काम सही आणि शाई करत होती, जल्लाद नव्हे. तुम्ही जिला 'सजावट' म्हणता ती हीच.

मग सरकारने धंदा हातात घेतला आणि व्यापाऱ्यांची हीच युक्ती पुढे नेली. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वहीत होती. नोट देताना तिच्यावर आकडा लिहायचा, शिक्के मारायचे आणि वहीत जुळणारा क्रमांक नोंदवायचा. नोट परत आली की वहीतली नोंद खोडायची. आपल्याकडे पावतीपुस्तकाची स्थळप्रत असते ना, तसंच. एका क्रमांकाच्या दोन नोटा आल्या, तर त्यांतली एक खोटी हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शिवाय दोन-तीन वर्षांनी जुन्या नोटांची मुदत संपायची आणि त्या बदलून नव्या घ्याव्या लागायच्या. नकली नोटा करणाऱ्याने महिना-महिना खपून ठसा कोरला, तरी मुदत सरली की त्या लाकडाचं जळण. आणि बदलायच्या निमित्ताने प्रत्येक जुनी नोट एकदा तरी जाणत्या नजरेखाली यायची. हे काम तलवारीला जमलं असतं का?

तलवार होती, नाही म्हणत नाही. पण तिचा इलाज किती चालला, ते जियांग ह्वे नावाच्या कारागिराकडे बघून ठरवा. हा मिंगझौ शहरातला. चीनच्या दक्षिण सोंग राजवटीत 'ह्वेझी' नावाच्या सरकारी नोटा चालत, त्या नकली केल्याबद्दल ११७७ मध्ये हा पकडला गेला. तुमच्या हिशेबाने तिथेच त्याचा विषय संपायला हवा होता. झालं असं, की त्याला ताइझौच्या कैदी छावणीत पाठवलं. हात इतका सुरेख, की तिथला जिल्हाधिकारी तांग झोंगयू याने त्याला पुस्तकांचे लाकडी ठसे कोरायला लावलं.

११८२ मध्ये जू शी या विद्वान अधिकाऱ्याने तांगविरुद्ध लागोपाठ तक्रारी केल्या. त्यांत जियांग ह्वेचा जबाब आहे. तो वाचताना मला आमच्या काउंटरवरचे पंचनामे आठवले, इतका बारीक आहे. जबाबाप्रमाणे तांगने त्याला नोटा छापायला सांगितलं. हा नको म्हणाला, पुन्हा सापडलो तर जिवाला मुकेन. त्यावर उत्तर मिळालं, की ऐकलं नाहीस तर तुरुंगात टाकून मारून टाकीन, शिक्षा झालेला माणूस तू, कोण विचारणार आहे? मग जिन नावाची म्हातारी नोटेचं चित्र घेऊन आली, ते रेखाटलं होतं तिसऱ्याच माणसाने. जियांगने नासपतीच्या लाकडावर ते कोरलं. पुढे तीच म्हातारी वेताच्या पेटीतून दोनशे कागद, निळी, तांबडी आणि तपकिरी शाई घेऊन आली. छापलेले कागद त्याच पेटीतून आतल्या घरात गेले. असं वीसेक वेळा, मिळून २६०० च्या वर नोटा.

सडेतोडराव, मरणाची भीती इथे भरपूर होती. त्या भीतीनेच नोटा छापून घेतल्या! (हे सगळे आरोप, बरं का. तांगचं पद गेलं, पण प्रधानमंत्री नात्यातला असल्याने प्रकरण तडीला गेलं नाही. जू शीचं आणि त्याचं आधीपासूनच जमत नव्हतं, तेही लक्षात ठेवा. फिर्यादीचा प्रत्येक शब्द खरा मानायची सवय मला नाही, तुमच्याबद्दल कल्पना नाही.)

आता त्या जबाबातली माणसं मोजा. चित्र काढणारा, कोरणारा, पेटी वाहणारी, कागद मिळवणारा, वरून हुकूम देणारा. चांगली नोट नकली करायला इतकी माणसं लागतात, ती नोट अवघड आहे म्हणून. काळ्या रंगातली साधी पावती असती, तर एकट्या माणसाने माडीवर बसून छापली असती. आणि इतकी माणसं लागली, की सरकारला फोडायला जागा मिळते. ह्वेझी छापायची एक तांब्याची पट्टी आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर लिहिलंय, नकली नोटा करणाऱ्याचा शिरच्छेद. तुम्ही इथेच थांबलात. पुढे वाचा: पकडून देणाऱ्याला हजार माळा नाण्यांचं बक्षीस, ते नको असेल तर सरकारी पद. आणि टोळीतला माणूस किंवा घरात थारा देणारा स्वतःहून आला, तर त्याला माफी आणि बक्षीसही. यात मुंडक्याला एक ओळ आहे, बाकी सगळी साथीदाराला फोडायची तजवीज. त्या म्हातारीला हे वाचता आलं असतं तर वेताची पेटी कुठल्या दारात गेली असती, सांगा.

माझ्यावरही एक प्रसंग आला आहे. पगाराचा दिवस, काउंटरवर रांग, पाचशेच्या एका बंडलात एक नकली नोट माझ्या हातून आत गेली. जेलची शिक्षा छापणाऱ्याला तेव्हाही होती, त्याने काही ती भीती मनावर घेतली नव्हती. आमच्या वरिष्ठांनी पाचशे रुपये माझ्या पगारातून कापले आणि वर सगळ्यांसमोर 'बायकांचं लक्ष कुठे असतं' असं ऐकवलं. तेव्हापासून प्रत्येक नोटेच्या उठावाच्या छपाईवरून अंगठा फिरवल्याशिवाय मी पुढची नोट घेतली नाही. पुढे ज्या खोट्या निघाल्या त्या त्या अंगठ्याने पकडल्या. सपाट लागायच्या.

तेव्हा 'च' काढून टाका, 'भीतीनेही' लिहा, मी लगेच मान्य करते. ताई म्हणालात, त्याचं काही नाही. पाककृतीचा टोमणा मात्र तुमचा तुम्ही काढलात तर बरं. मी काढला तर पुन्हा म्हणाल, टीका सहन होत नाही.