मामाची लिफ्ट आणि गाळलेल्या ओळी

नजर अधू झालेल्या माझ्या मामाला मी फोनवर पाट्या वाचून दाखवतो, त्यावर एका वाचकाने मला लिहिलं: “पाटी अर्धीच वाचून दाखवता, उरलेली गाळता. मामांनी काय ऐकायचं हे ठरवणारे तुम्ही कोण? डोळस माणसाला सगळी पाटी दिसते, तसा त्यांनाही शब्दन् शब्द कळायला नको का?”

टोचलं, आणि निम्मं पटलंही. न पटलेल्या निम्म्यावरून आधी भांडतो.

मामा दिवाळीपासून लेकीकडे बडोद्याला राहायला गेलाय. मॅक्युलर डीजनरेशनमुळे त्याची मधली नजर गेलीय, कडेची शाबूत आहे. भिंतीवर पाटी आहे एवढं दिसतं, अक्षरं लागत नाहीत. आणि गुजराती त्याला अजून परकीच आहे. ताई कामावर असली की तो फोटो मला पाठवतो. माझी शाळा सुरतेतली.

परवा लिफ्टच्या दारासमोरून फोटो आला. ‘लिफ्टनुं रिपेरिंग काम चालु होवाथी ता. १२ थी १४ सुधी लिफ्ट बंध रहेशे. सीडीनो उपयोग करवो. तकलीफ बदल खेद छे.’

हे ओळीने मराठीत सांगा बघू. “लिफ्टच्या दुरुस्तीचं काम चालू असल्यामुळे...” कानावर आधी ‘लिफ्ट’ आणि ‘चालू’ पडतं, आणि ‘बंद’ येईपर्यंत मामाचं बोट बटणावर गेलेलं असतं. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नकारही शेवटी येतो. डोळस माणसाची नजर थेट ‘बंध’वर जाते, आधीचं तोही वाचत नाही. म्हणून मी म्हणालो, “लिफ्ट बंद आहे. १४ तारखेपर्यंत. जिन्याने जा.” सीडी म्हणजे इथे जिना. शब्दाला शब्द ठेवून ‘शिडी’ म्हटलं असतं, तर मामा शिडी शोधत बसला असता!

आता तुमचं निम्मं. गाळण्यात चूक नाही, पण न सांगता गाळलं तर चूक, आणि ती मी केलीय. एका दवाखान्याच्या पाटीवरची मी फक्त वेळ सांगितली, सकाळी दहा ते एक. तळाशी बारीक अक्षरांत ‘रविवारे बंध’ होतं. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही, कारण तो बुधवार होता. मामा गेला रविवारी, रिक्षाने, आणि बंद दारावरून परत आला.

तेव्हापासून मुद्दा सांगून झाला की काय उरलंय तेही सांगतो: “खाली फोन नंबर आहे, एक तळटीप आहे. वाचू?” वार, वेळ आणि ‘फक्त’, ‘सिवाय’ असले शब्द मात्र न विचारता वाचतो. हाताने लिहिलेला आकडा एक की नऊ हे कळलं नाही, तर तसंच सांगतो आणि जवळून दुसरा फोटो मागतो.

लिफ्टच्या वेळीही विचारलं होतं. “एक ओळ राहिलीय, दिलगिरीची आहे. वाचू?”

“वाच की,” मामा म्हणाला. “चार मजले चढायचेत मला.”