टायटॅनियमचं [Ti(H2O)6]3+ हे कॉम्प्लेक्स जांभळं दिसतं ते नेमकं कशामुळे?

"इलेक्ट्रॉन t2g मधून eg मध्ये उडी मारतो आणि खाली येताना जो लाईट सोडतो तोच कॉम्प्लेक्सचा रंग. म्हणून d0 आणि d10 वाले कायम रंगहीन. एवढं पाठ करा, प्रश्न संपला."

या पाठ करायच्या उत्तरातलं पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे, म्हणूनच जास्त फसवतं. [Ti(H2O)6]3+ घ्या, d1, एकच इलेक्ट्रॉन, फार भानगड नाही. भोवती सहा पाणी आले की पाच d ऑर्बिटल्स खाली तीन म्हणजे t2g आणि वर दोन म्हणजे eg अशी फुटतात, मधलं एनर्जीचं अंतर Δo. साधारण 500 नॅनोमीटरचा निळसर हिरवा प्रकाश या अंतराला फिट बसतो, तो शोषला जातो आणि उरलेला, म्हणजे लाल आणि जांभळ्या टोकांचा, आपल्या डोळ्यात येतो, म्हणून सोल्युशन जांभळं. सोडलेलाच लाईट दिसत असता तर ते निळसर हिरवं नको का दिसायला? इलेक्ट्रॉन खाली येतो हो, पण ती एनर्जी उष्णता होऊन पाण्यात जिरते. सोडलेल्या प्रकाशाचा रंग फ्लेम टेस्टमध्ये असतो, सोडियमची पिवळी ज्योत वगैरे, इथे दोन्हीची खिचडी झालीय.

न्यूमेरिकलमध्ये हीच चूक मार्क खाते. Δo = NA·hc/λ यात λ शोषलेल्या प्रकाशाची: 500 टाकलं की मोलला साधारण 239 किलोज्यूल. दिसतंय जांभळं म्हणून 400 टाकलंत तर 299 येणार, आणि आकडा इतका शहाणासारखा दिसतो की शंकाही येत नाही.

आता d0 कायम रंगहीन. मग KMnO4 काय आहे? Mn +7 वर, म्हणजे d मध्ये एकही इलेक्ट्रॉन नाही, उडी मारणार कोण? तरी ब्युरेटमध्ये ते इतकं गडद असतं की खालचा मेनिस्कस दिसत नाही म्हणून आपण वरचा वाचतो. इथे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडून Mn कडे जातो, चार्ज ट्रान्सफर, आणि त्याला d-d उडीसारखी नियमांची आडकाठी नसते म्हणून रंग शेकडो पटीने तीव्र. (K2Cr2O7 चा नारिंगी पण यातलाच.) "d0 आहे, d-d शक्य नाही" इथपर्यंत लिहा, त्यापुढे "म्हणून रंगहीन" लगेच जोडू नका.

KMnO4 ब्युरेटमध्ये घेऊन जे टायट्रेशन करतो, त्यातच उलटी गंमत पण आहे. फ्लास्कमध्ये तयार होतं Mn2+, d5, t2g आणि eg दोन्हीत इलेक्ट्रॉन आहेत, स्प्लिटिंगही आहे, तरी सोल्युशन जवळजवळ पाण्यासारखं, कारण पाचही इलेक्ट्रॉनांचा स्पिन एकाच दिशेला आहे आणि वर जायचं तर एकाला स्पिन उलटा करावा लागतो, ज्याला नियमाने मनाई. म्हणून रंग फक्त अगदी फिका गुलाबी, तोही दाट सोल्युशनमध्ये. तो गडद असता तर एंड पॉइंटचा एक जादा थेंब दिसलाच नसता.