सुनावणी मागितली, आदेश मिळाला

सातपूरला माझे लहानसे वर्कशॉप आहे. सन 2018-19 मधील इनपुट क्रेडिटच्या, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराच्या वजावटीच्या, तफावतीबद्दल मला जीएसटीची कारणे दाखवा नोटीस आली आणि तिच्यात वैयक्तिक सुनावणीची तारीख, वेळ व ठिकाण या तिन्ही रकान्यांत ‘लागू नाही’ असे छापलेले होते. म्हणजे माझे म्हणणे ऐकायचेच नाही, हे नोटीस काढतानाच ठरले होते काय?

प्रकरण एकाच पुरवठादाराचे आणि 1,12,000 रुपयांच्या कराचे होते. त्याने माझी बिले माझ्या जीएसटी क्रमांकावर न दाखवता किरकोळ ग्राहकांच्या विक्रीत दाखवली, त्यामुळे पुरवठादारांच्या विवरणांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या माझ्या 2ए या खरेदीच्या तक्त्यात ती उतरलीच नाहीत. अशा तफावतीसाठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचे 27 डिसेंबर 2022 चे परिपत्रक क्रमांक 183 आहे: एका पुरवठादाराकडील वर्षभराची तफावत पाच लाखांपर्यंत असेल, तर त्या पुरवठादाराचे प्रमाणपत्र पुरते. ते माझ्याकडे होते. पण बिल, बँकेचा उतारा आणि प्रमाणपत्र यांची सांगड समोर बसून दहा मिनिटांत दाखवता येते, तीच जोडपत्रांच्या गठ्ठ्यात कोणी शोधत बसत नाही. (गठ्ठा उघडला तरी जातो का, ही शंका वेगळीच.)

म्हणून डीआरसी-06 या नोटिशीच्या उत्तराच्या फॉर्ममध्ये उत्तर भरताना सुनावणीच्या रकान्यात मी ‘होय’ निवडले आणि वेगळे पत्रही जोडले. पत्रात नोटिशीचा संदर्भ क्रमांक देऊन स्पष्ट लिहिले, की जीएसटी कायद्याच्या कलम 75(4) नुसार मी सुनावणीची लेखी मागणी करीत आहे, माझे लेखी उत्तर म्हणजे त्या हक्काचा त्याग समजू नये आणि सुनावणीपूर्वी आदेश काढू नये. त्याची प्रत कार्यालयात देऊन आवक शिक्का घेतला. तिथल्या साहेबांनी पत्र न वाचताच सुनावले, “लेखी दिलंय ना? मग पुरे.”

पुरे कसे? त्या कलमात लेखी मागणी आल्यास सुनावणी द्यायचीच आहे, आणि करदात्याच्या विरुद्ध निर्णय घ्यायचा विचार असेल तर मागणी नसतानाही द्यायची आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर 2022 मध्ये, ऑनलाइन उत्तरात ‘नाही’ निवडलेल्या करदात्यालाही सुनावणी नाकारता येत नाही, असा निर्णय दिला. मी तर ‘होय’ म्हटले होते आणि शिक्क्यासह पत्र दिले होते!

तरीही सुनावणीची एकही तारीख न देता पोर्टलवर डीआरसी-07, म्हणजे करमागणीचा आदेश, आले. कारण एका ओळीचे: उत्तर समाधानकारक नाही. पूर्ण कर, त्यावर व्याज आणि 11,200 रुपये दंड. प्रमाणपत्राचा उल्लेखही नाही. आता तीन महिन्यांच्या आत कलम 107 खाली अपील करायचे, त्यासाठी वादग्रस्त कराचे दहा टक्के, म्हणजे आणखी 11,200 रुपये, आधी भरायचे आणि सल्लागाराची फी वेगळी द्यायची. साहेबांची दहा मिनिटे वाचावीत म्हणून हा सगळा भुर्दंड माझ्या माथी. अपिलातला पहिला मुद्दा मी सुनावणी नाकारल्याचाच घेतला आहे, आणि आवक शिक्क्याची ती प्रत सर्वांत वर लावली आहे.