दोन्ही एक नंबर कसे असतील?

आज सकाळी पुतण्याने आमच्या तव्यांच्या फोटोखाली टाकायला कॅप्शन पाठवलं. "बिडाचा असो वा लोखंडी, दोन्ही एक नंबर! नॉनस्टिकच्या विषाला करा टाटा!" डोकंच फिरलं माझं.

अरे, दोन्ही एक नंबर, तर बाईने घ्यायचा कुठला? आणि नॉनस्टिकवाल्यांनी आपलं काय घोडं मारलंय? त्यावर ऑम्लेट सुरेख सुटतं, हे आपल्याच घरात रोज दिसतं की!

माझ्या सासूबाईंनी असंच कुठलंसं "सर्व कामांसाठी उत्तम" वाचून बिडाचा तवा मागवला होता. दहा इंची, दोनेक किलोचा. त्यांचं मनगट संधिवाताचं. फुलका आचेवर फुगवायचा तर तवा दर वेळी उचलून बाजूला करायचा. चार फुलक्यांत हात टेकले त्यांनी. तवा वाईट नव्हता हो! वजनाबद्दल कोणी चकार शब्द लिहिला नव्हता, एवढंच.

बीड ओतीव आणि जाड. तापायला वेळ घेतं, पण गार पीठ ओतलं तरी निवत नाही, म्हणून घावनाला जाळी पडते. पत्र्याचा लोखंडी तवा पातळ. चटकन तापतो, आच कमी केली की चटकन निवतो. चपातीला हेच हवं असतं.

म्हणून मी असं लिहिलं:

"घावन, आंबोळी, डोसे वरचेवर होत असतील तर बिडाचा घ्या. जड आहे. मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापू द्यावा लागतो. तापलेल्यावर गार पाणी ओतलंत किंवा हातातून पडला, तर तडकू शकतो. रोज चपात्या-भाकरी आणि घावन कधीतरीच, तर लोखंडी पुरे. त्यावर घावनं होतात, पण तेल जास्त लागतं आणि आचेकडे लक्ष ठेवावं लागतं. ओला ठेवलात तर दोन्ही गंजतात. धुऊन पुसा, तेलाचा हात फिरवा."

पुतण्या म्हणाला, "काकू, असं लिहिलंस तर महागडा कोण घेणार?" घावनवाले घेतील! ठाण्यात काय कोकणातली माणसं कमी आहेत?

बरं, एवढं लांबलचक कोणी वाचत नाही, हे त्याचं म्हणणं खरंय. पोरगं मन लावून करतं, उगाच ओरडले त्याच्यावर. पण सासूबाईंसारखी एखादी तरी वाचेलच ना शेवटपर्यंत? तिच्यासाठी आणखी एक ओळ घातलीय: "बिडाचा घेण्याआधी पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या पिशवीत घालून एका हाताने, हात लांब करून उचलून बघा. मनगटात कळ आली तर लोखंडीच मागवा."

तोही आमच्याकडेच मिळतो, स्वस्तात.