“काका, एक कव्हर लेटर पाठवा ना, अर्जंट”

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर एवढाच मेसेज आला. खाली हात जोडलेले दोन इमोजी. पाठवणारा सोलापूरच्या साखर पेठेतला, आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा. वडील यंत्रमागावर होते, मुलगा बी.कॉम. झालाय. मी विचारलं, “काय बे, कुठल्या नोकरीसाठी?” उत्तर आलं, “कुठलीपण काका. जनरल करून द्या, मी नाव टाकतो.”

हे “जनरल” ऐकलं की माझं डोकं फिरतं. टॉवेलच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळतो आणि नोकरीचे अर्ज आधी माझ्याकडेच येतात. एकदा एका पोराच्या पत्रात पहिल्याच ओळीत “कंपनीचे नाव” असं चौकटी कंसात तसंच राहिलेलं होतं. पोरगं हुशार असेलही. पण कागद तपासण्याच्या नोकरीला अर्ज करून त्यानं स्वतःचाच कागद तपासला नव्हता. तो अर्ज मी पुढे पाठवला नाही, आणि आजही पाठवणार नाही.

शेजारच्या पोराला मी दुसऱ्या दिवशी सात रस्त्यावर चहाला बोलावलं. आधी एक कागद पुढे सरकवला. “मेहनती, प्रामाणिक, जबाबदारी घेणारा, टीममध्ये काम करणारा, शिकायची तयारी असलेला” असं काहीबाही मी त्यावर लिहून नेलं होतं. म्हटलं, वाच. त्यानं वाचलं आणि खूश झाला. मग म्हटलं, आता तुझ्या नावाच्या जागी मित्राचं नाव घाल. चालतंय की! चुलत भावाचं घाल. तेही चालतंय. ज्या पत्रात कुणाचंही नाव चालतं, ते वाचून मी तुला फोन का करू? असली पत्रं दिवसाला आठ-दहा येतात. दुसऱ्या ओळीनंतर मी थेट बायोडाटाकडे वळतो.

“मग काय लिहू?” म्हणाला. मी म्हटलं, लिहायचं नंतर बघू. आधी जाहिरात दाखव. त्यानं जाहिरात मला पाठवलीच नव्हती! मोबाइलमधून शोधून काढली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल युनिट, एक्स्पोर्टच्या कागदपत्रांसाठी असिस्टंट हवा. टॅली, एक्सेल, इंग्रजी ईमेल, दोन वर्षं अनुभव, अपेक्षित पगार कळवा. पाच ओळी. पण त्या पाच ओळींत मालकाची पोटदुखी काय आहे ते ओळखता आलं पाहिजे.

ती पोटदुखी अशी. टॉवेलचा माल कार्टनमध्ये भरून न्हावा शेवाला जातो. सोबत इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट असते. कुठल्या कार्टनमध्ये कुठला साइज, कुठला रंग, किती नग, नेट वजन किती, ग्रॉस किती, हे पॅकिंग लिस्टमध्ये. समजा इन्व्हॉइसवर 120 कार्टन आहेत आणि पॅकिंग लिस्टची बेरीज 118 येते. व्यवहार एल.सी.वर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेनं दिलेल्या पैशाच्या हमीपत्रावर, असेल तर बँक माल बघत नाही, कागद बघते. कागद जुळला नाही की बँक त्रुटी काढते, आणि समोरच्या खरेदीदारानं ती मान्य करेपर्यंत पैसे अडकतात. माल बंदरातून गेलेला असतो, इकडे सूतवाल्याचं बिल थकलेलं असतं. म्हणजे मालकाला “संवादकौशल्य” वगैरे नकोय. दोन कागद शेजारी ठेवून फरक पकडणारा माणूस हवाय.

पोरगं म्हणालं, “पण काका, मी एक्स्पोर्ट केलेलंच नाही.” मग काय केलंस? तर एका सूत व्यापाऱ्याकडे अकाउंटला होता. किती वर्षं? “तीन लिहू.” खरं किती? “दोन वर्षं चार महिने.” मग दोन वर्षं चार महिनेच लिही बाबा. त्यांना दोनच हवीत, तुझ्याकडे ती आहेतच. उगाच तीन लिहून जुन्या मालकाला फोन गेला की खरी दोनसुद्धा खोटी ठरतात.

तिथे काय करायचास? “बिलं टॅलीत टाकायचो.” रोज काय काय व्हायचं? “काही नाही, बिलंच.” दोन चहा झाले तरी गाडी बिलांवरच अडलेली. शेवटी विचारलं, कधी मालक तुझ्यावर खूश झालेला आठवतो का? जरा वेळानं म्हणाला, “एकदा ते वजनाचं झालं होतं.”

वजनाचं असं झालं होतं. मिलकडून सुताच्या 20 गोण्या आल्या, गोणीला 50 किलो, बिल 1000 किलोचं. चलनावर 20, बिलावर 20, सगळं बरोबर. यानं बिल टॅलीत टाकताना काट्याची पावती काढून बघितली, तर रिकाम्या गोण्यांचं वजन वजा करून 964 भरलेलं. 36 किलो कमी. मिलवाले म्हणाले, सुताची ओल सुकली असेल. तसं होतंही, कापसाचं सूत हवेतली ओल घेतं आणि सोडतं. पण यानं गोण्या एकेक काट्यावर घातल्या. 18 गोण्या बरोबर भरल्या, दोनच हलक्या. ओल काय दोनच गोण्यांची सुकते का? उघडल्या तर आत सुताचे कोन कमी. त्या वेळी 250 रुपये किलोचा भाव, म्हणजे 9,000 रुपयांची क्रेडिट नोट मिलनं दिली.

मी म्हटलं, अरे, हेच तर पत्र आहे! आणि हा गडी ते सांगायलाच तयार नव्हता, कारण त्याला ते “अनुभव” वाटतच नव्हतं.

मग पत्र वीस मिनिटांत झालं. इंग्रजीत होतं, इथे मराठीत सांगतो. पहिल्या ओळीत पदाचं नाव आणि जाहिरात कुठे पाहिली ते. मग: “सूत व्यापाऱ्याकडे दोन वर्षं चार महिने खरेदीची बिलं, चलन आणि काट्याची पावती जुळवून टॅलीत नोंद केली.” त्याखाली गोण्यांचा किस्सा चार ओळींत, आकड्यांसकट. त्यानंतर सरळ कबुली: “एक्स्पोर्टची कागदपत्रं स्वतः केलेली नाहीत. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट जुळवण्याचं काम मात्र मी रोज करायचो त्याच प्रकारचं आहे.” ही कबुली काढून टाकू का, असं तो दोनदा म्हणाला. मी नाही काढू दिली. मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत ते कळणारच होतं, मग त्यांना शोधायला कशाला लावायचं? पगाराचा आकडा जाहिरातीत मागितला होता म्हणून शेवटी लिहिला. मागितला नसता तर लिहू दिला नसता. सगळं मिळून अर्धं पान.

जुन्या व्यापाऱ्याचं किंवा मिलचं नाव किश्श्यात घालायचं नाही, हे मात्र बजावलं. आजच्या मालकाची भांडणं जो उद्याच्या मालकाला नावानिशी सांगतो, तो परवा आमचीही सांगणार, असं मी तरी धरतो.

शनिवारी त्याला बोलावणं आलं. बाहेर पडल्या पडल्या त्यानं फोन केला. “स्वतःबद्दल सांगा” वगैरे काही विचारलंच नाही म्हणे. मॅनेजरनं “ते गोण्यांचं सांग” म्हणून ऐकून घेतलं आणि समोर एक इन्व्हॉइस आणि एक पॅकिंग लिस्ट ठेवली. दहा मिनिटं दिली. यानं दोन चुका काढल्या, तिसरी ग्रॉस वजनातली राहिली. निकाल अजून कळलेला नाही, पण ती तिसरी चूक त्याला रविवारभर टोचत होती.