एक डोळा मिटा आणि गाडी हाणा

ढाब्यावर बसणं झालं, बिलही दिलं. आता घरी निघायचंय, तर टॅक्सीबिक्सी बोलावून उगाच पैसे घालवू नका. डोळे शाबूत आहेत ना, एवढं बघा. समोर उभ्या ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ वाचता येतंय? मग झालं तर! उभ्या ट्रकवरची ठळक अक्षरं तीन पेगनंतरही बहुतेकांना वाचता येतात. बिघडतं ते पळत्या वस्तूवर नजर ठेवणं आणि उजेडातून अंधारात सावरणं. पण ढाब्याच्या अंगणात ते तपासणार कोण?

वाटेत पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे चार दिसायला लागले, तर घाबरू नका. एकेका डोळ्याला सहा स्नायू असतात. दोन्ही डोळे एकाच जागी रोखायचे तर मेंदूला त्या बारा जणांचा मेळ घालावा लागतो. दारूने तो मेंदूच सुस्तावतो, लांब बघताना डोळे थोडे आत वळतात आणि एकाची दोन चित्रं होतात. यावर जाणकारांचा हुकमी तोडगा म्हणजे एक डोळा मिटणे. जादा दिवे तत्काळ गायब! अंतराचा नीट अंदाज आणि मिटलेल्या बाजूने येणारा दुचाकीवालाही गायब, पण रस्ता कसा मोकळा मोकळा वाटतो.

आता समोरून अप्पर मारत कंटेनर येईल. प्रखर उजेडाने डोळ्यांच्या पडद्यावरची रंगद्रव्यं विरतात आणि ती पुन्हा भरेपर्यंत अंधारी येते. न पिणाऱ्यालाही येते, बिचाऱ्याची लवकर सरते. तुमची रेंगाळते. शिवाय दारू अश्रूंतही उतरते, डोळ्यावरचा ओलाव्याचा थर विस्कटतो आणि दिव्यांभोवती सुरेख कडी दिसतात. दिवाळीच समजा. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. अंधारी तीन सेकंद टिकली, तर 50 मीटर तुम्ही श्रद्धेवर चालवलेत. गळिताच्या हंगामात तेवढ्यात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली सहज मावते. ट्रॉलीवाल्याने दिवा लावायला हवा होता, हे मात्र शंभर टक्के खरं. पंचनाम्यात जरूर लिहून घ्या.

लिंबूपाणी, कडक कॉफी, तोंडावर गार पाणी यांनी तरतरी येते. दारू मात्र आपल्याच चालीने, रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅम अशी उतरते. रात्री एकला 120 असेल, तर सकाळी सहाला 45 उरते आणि कायद्याची मर्यादा 30 ची. तेव्हा सकाळी नाक्यावर फुंकायला लावलंच, तर ठणकावून सांगा, ‘‘साहेब, ही कालची आहे!’’ यंत्राला तारीख कळत नाही, पण साहेबांना हसू तरी येईल.